पावणेसोळा की दहा? फीवाढीच्या एका तक्रारीला मुख्याध्यापिकांचं उत्तर

हे प्रकरण कुठल्या एका शाळेचं नाही. पुणे परिसरातल्या मध्यम फीच्या विनाअनुदानित शाळांमध्ये जून-जुलैत जे घडतं, त्यावरून ते बांधलं आहे आणि आकडे हिशेब कळावा म्हणून सोपे धरले आहेत. कायद्याच्या तरतुदी मात्र खऱ्या आहेत. त्या 2011 च्या महाराष्ट्र शैक्षणिक संस्था (शुल्क विनियमन) अधिनियमातल्या आणि 2018 च्या दुरुस्तीतल्या आहेत.

शाळा पहिली ते दहावी, इंग्रजी माध्यम, राज्य मंडळ. फी भरणारी मुलं 560. शिवाय शिक्षण हक्क कायद्याच्या पंचवीस टक्के जागांमधून आलेली 80. वर्षाची फी 2023-24 आणि 2024-25 ही दोन्ही वर्षं 42,000 रुपये होती. जून 2025 मध्ये पावती हातात आली तेव्हा तिच्यावर 48,600 हा आकडा होता.

सहावी आणि तिसरीत दोन मुलं असलेल्या एका वडिलांनी दोन पानी पत्र लिहिलं. मुख्याध्यापिकांच्या टेबलावर पोचण्याआधीच ते बऱ्याच पालकांनी वाचलेलं होतं. सुरुवात अशी होती: “ही शाळा आहे की दुकान? सोळा टक्के वाढ कोणाला विचारून केलीत?” पुढे दोन मुलांचे मिळून 13,200 रुपये जूनमध्येच, वह्या-पुस्तकं आणि गणवेशाच्या खर्चावर कसे उभे करायचे, असा प्रश्न होता. आणि दुसऱ्या पानाच्या तळाशी एक वाक्य होतं: “सोमवारी वर्गात सगळ्यांसमोर माझ्या मुलाचं नाव घेऊन फी बाकी असल्याची चिठ्ठी दिली. तो दोन दिवस शाळेत यायला तयार नव्हता.”

संस्थेच्या कार्यालयाने लगोलग उत्तराचा मसुदा करून दिला. त्यातली चार वाक्यं सांगितली तरी पुरे. वाढ फक्त दहा टक्के आहे, पालकांनी चुकीची माहिती पसरवू नये. कायद्यानुसार पंधरा टक्क्यांपर्यंत वाढ करता येते. शिक्षण हक्काच्या मुलांची प्रतिपूर्ती सरकारकडून वेळेवर येत नसल्याने शाळेवर बोजा आहे. ज्यांना परवडत नसेल त्यांनी अन्य पर्यायाचा विचार करावा.

मुख्याध्यापिकांनी तो मसुदा दोन दिवस बाजूला ठेवला आणि तीन गोष्टी मागवल्या: फी ठरली त्या बैठकीचं इतिवृत्त, सहावीची एक छापील पावती आणि सहावीच्या वर्गशिक्षिका. शांतपणा शब्दांत आणता येतो असं समजून पुष्कळ मुख्याध्यापक आधी भाषा मऊ करत बसतात. या बाईंनी आधी कागद पाहिले, आणि पुढचं सगळं त्यातूनच सुटत गेलं.

इतिवृत्त नीट होतं. कायद्याप्रमाणे दर वर्षी शाळा सुरू झाल्यापासून तीस दिवसांत शिक्षक-पालक संघ स्थापावा लागतो आणि त्याची कार्यकारी समिती चिठ्ठ्या टाकून निवडावी लागते. मुख्याध्यापक अध्यक्ष, उपाध्यक्ष पालकांमधून, सचिव शिक्षकांमधून, शिवाय प्रत्येक इयत्तेचा एक पालक आणि एक शिक्षक. फी बदलायची तर व्यवस्थापनाने पुढचं वर्ष सुरू होण्याच्या किमान सहा महिने आधी या समितीसमोर प्रस्ताव ठेवायचा. इथे तो नोव्हेंबर 2024 मध्ये ठेवला होता. संस्थेने 48,300 मागितले होते, म्हणजे पंधरा टक्के जास्त. समितीने खर्चाचे तक्ते पाहून 46,200 मान्य केले. दहा टक्के वाढ, आणि कायद्याप्रमाणे तीच फी पुढची दोन वर्षं कायम. सह्या होत्या, तारखा होत्या.

पावतीवर मात्र 46,200 च्या खाली आणखी एक ओळ होती: ‘डिजिटल व उपक्रम शुल्क 2,400’. इतिवृत्तात या ओळीचा मागमूस नव्हता. एप्रिलमध्ये संस्थेच्या कार्यालयातून तोंडी निरोप आला होता आणि कारकुनाने पावतीच्या संगणकीय नमुन्यात ती ओळ घातली होती.

इथे सगळा गुंता उलगडला. 42,000 वरून 46,200 म्हणजे दहा टक्के. 42,000 वरून 48,600 म्हणजे 6,600 रुपये, पावणेसोळा टक्के. शाळा ठराव पाहून बोलत होती, वडील पावती पाहून. दोघांचंही गणित बरोबर होतं. आता पालकाच्या खिशातून जातं ते पावतीप्रमाणे जातं, त्यामुळे ‘चुकीची माहिती पसरवू नका’ हे वाक्य त्या मसुद्यातून बाहेर पडलं असतं तर शाळा स्वतःच खोटी ठरली असती. फीवाढीच्या बहुतेक भांडणांत असंच असतं. टक्केवारीवर वाद चाललेला असतो आणि प्रत्येकाने मोजायला वेगळी रक्कम घेतलेली असते. तक्रार आली की आधी पावती आणि ठराव शेजारी शेजारी ठेवावेत. फरक निघाला तर तो नव्या नावाच्या एखाद्या ओळीतच सापडतो.

‘पंधरा टक्क्यांपर्यंत चालतं’ हा समज शाळांच्या कार्यालयांत इतका घट्ट बसला आहे की त्याबद्दल थोडं बोलायला हवं. पंधरा टक्के हा आकडा कायद्यात आहे, पण समिती आणि व्यवस्थापन यांचं न जुळल्यास विभागीय शुल्क नियामक समितीकडे जाण्याच्या संदर्भात. समितीला न विचारता तेवढं वाढवून घ्यावं, अशी मुभा त्यात नाही. मुख्याध्यापिकांनी ते वाक्य खोडलं.

प्रतिपूर्तीचं वाक्यही खोडलं. ते खोटं नव्हतं. सरकारकडून मुलामागे 17,670 रुपये मिळायचे असतात आणि ते रखडतात, हे कुठलीही विनाअनुदानित शाळा सांगेल. पण उत्तर सूचना फलकावर लागणार होतं. त्या 80 मुलांचे आई-वडीलही तोच फलक वाचतात, आणि मुलंही. सरकारकडच्या थकबाकीचं खापर सहावीच्या बाकावरच्या पोरावर फुटलं असतं. शिवाय समितीने 46,200 मान्य केले तेव्हा हे कारण प्रस्तावात नव्हतंच. ठरावात नसलेलं कारण नंतर उत्तरात घालणं म्हणजे पुढच्या प्रश्नाला आमंत्रण.

चिठ्ठीची गोष्ट खरी निघाली. वर्गशिक्षिकांनी हजेरी झाल्यावर नावं वाचून चिठ्ठ्या वाटल्या होत्या, कारण कार्यालयाने गठ्ठा त्यांच्याच हातात दिला होता आणि संध्याकाळपर्यंत वाटून टाका असं सांगितलं होतं. त्यांना यात काही वावगं वाटलं नव्हतं. पण शिक्षण हक्क कायद्याचं सतरावं कलम मुलाला मानसिक त्रास देण्याला मनाई करतं, आणि आठवीपर्यंत मुलाला शाळेतून काढताही येत नाही. फी हा शाळा आणि पालक यांच्यातला व्यवहार. मुलाला त्यात निरोप्या करायचं नसतं.

एक अडचण उरली होती, ती संस्थेची. 2,400 गुणिले 560 म्हणजे 13 लाख 44 हजार रुपये. ते सोडायला विश्वस्त तयार नव्हते. मुख्याध्यापिकांनी युक्तिवाद थोडक्यात केला: समितीने मान्य न केलेलं शुल्क घेतलं हे शिक्षणाधिकाऱ्यांसमोर निघालं तर पैसे परत करावे लागतीलच, वर दंडाची टांगती तलवार. आज परत केले तर उत्तरात तसं लिहिता येईल. संस्थेच्या सचिवांनी कुरकुरत सही केली. ही सही मिळेपर्यंत बाईंनी उत्तर लावलं नाही, हे मला या प्रकरणातलं सगळ्यात शहाणपणाचं पाऊल वाटतं. ‘आम्ही याबाबत विचार करू’ असं लिहून आलेला शांतपणा फार तर आठवडाभर टिकतो.

तक्रार आल्यापासून सहाव्या दिवशी त्यांनी त्या वडिलांना फोन करून बोलावलं, चिठ्ठीबद्दल समोरासमोर दिलगिरी व्यक्त केली आणि उत्तराची प्रत वाचायला दिली. पत्र सगळ्यांनी वाचलेलं असल्यामुळे उत्तर सगळ्यांसाठी लागेल, पण त्यात तुमचं किंवा मुलाचं नाव नसेल, असंही सांगितलं. मग ते फलकावर लागलं, मराठीत आणि इंग्रजीत.

“सर्व पालकांस सस्नेह नमस्कार.

फीवाढीबाबत एका पालकांचे पत्र मिळाले. आपल्यापैकी अनेकांच्या मनात तेच प्रश्न असतील, म्हणून उत्तर सर्वांसाठी देत आहे.

पहिली गोष्ट फीची नाही. गेल्या आठवड्यात काही वर्गांत फी बाकी असल्याच्या चिठ्ठ्या मुलांच्या हाती, सर्वांसमोर देण्यात आल्या. असे व्हायला नको होते. त्याची जबाबदारी मुख्याध्यापिका म्हणून माझी आहे. यापुढे फीविषयी कोणतीही सूचना मुलांमार्फत जाणार नाही. कार्यालय थेट पालकांशी बोलेल. फी बाकी आहे म्हणून कोणत्याही मुलाला वर्ग, परीक्षा, ग्रंथालय किंवा खेळ यांपासून दूर ठेवले जाणार नाही.

आता फी. 2025-26 आणि 2026-27 या दोन वर्षांसाठी शिक्षक-पालक संघाच्या कार्यकारी समितीने 46,200 रुपये वार्षिक फी मान्य केली आहे. आधीची फी 42,000 होती. वाढ 4,200 रुपये, म्हणजे दहा टक्के. पावतीवर मात्र याशिवाय 2,400 रुपयांचे ‘डिजिटल व उपक्रम शुल्क’ आहे. ते धरल्यास वाढ पावणेसोळा टक्के होते, हा पालकांचा हिशेब बरोबर आहे. या शुल्काला समितीची मान्यता घेतलेली नव्हती. ते आजपासून रद्द करण्यात येत आहे. ज्यांनी भरले आहे त्यांची रक्कम ऑक्टोबरच्या हप्त्यातून वजा होईल. रोख परत हवी असल्यास कार्यालयात पावती दाखवावी, सात दिवसांत मिळेल.

वाढीव 4,200 रुपयांपैकी 2,700 शिक्षक व कर्मचाऱ्यांच्या वेतनवाढीसाठी, 900 इमारतीच्या भाड्यातील वाढीसाठी आणि 600 वीज, विमा, परीक्षा साहित्य व दुरुस्तीसाठी आहेत. फी दोन वर्षे बदलणार नाही, पण पगार दरवर्षी वाढतील. त्यामुळे पहिल्या वर्षी काही रक्कम शिल्लक दिसेल आणि ती दुसऱ्या वर्षी लागेल.

समितीच्या बैठकीचे इतिवृत्त आणि खर्चाचा तक्ता कार्यालयात पाहता येईल. हे उत्तर ज्यांना मान्य नसेल त्यांना शिक्षणाधिकाऱ्यांकडे तक्रार करता येते. शाळेतील किमान पंचवीस टक्के पालकांनी मिळून अर्ज केल्यास विभागीय शुल्क नियामक समितीकडे दाद मागता येते. तसे केल्याने कोणाच्याही मुलाला शाळेत वेगळी वागणूक मिळणार नाही.

दोन किंवा अधिक मुले शाळेत असलेल्या पालकांना जूनचा हप्ता दोन भागांत हवा असल्यास मला भेटावे. अर्ज किंवा कारण लिहून देण्याची गरज नाही.

आपली,
मुख्याध्यापिका”

या उत्तरात नसलेल्या गोष्टीही पाहण्यासारख्या आहेत. ‘दुकान’ या शब्दाला उत्तर नाही. शाळेच्या निकालाची, स्नेहसंमेलनाची, गुणवत्तेची एक ओळ नाही. शेजारच्या शाळेची फी जास्त आहे हेही नाही. दोन वर्षांत दहा म्हणजे वर्षाला पाचच टक्के पडतात, हा हिशेब कुणीही मांडला असता. बाईंनी तो लिहून काढून टाकला. तो खोटा नाही, पण दोन वर्षांची वाढ एकाच जूनमध्ये अंगावर येते तेव्हा ‘वर्षाला पाच’ ऐकून राग वाढतो. बाहेर दाद कुठे मागायची हे शाळेनेच सांगावं, याला सचिवांचा विरोध होता. पण ती माहिती कायद्यात आहे, उद्या कुणीही वाचून दाखवेल. आपण आधी सांगितली तर निदान लपवल्याचा आरोप तरी होत नाही.

पहिल्या वर्षी शिल्लक दिसेल, हे वाक्य मला विशेष महत्त्वाचं वाटतं. वेतनाचा मूळ खर्च 1 कोटी 64 लाख धरला आणि दरवर्षी सहा टक्के वाढ धरली, तर पहिल्या वर्षी 9 लाख 84 हजार जास्त लागतात आणि दुसऱ्या वर्षी मूळ खर्चाहून सुमारे 20 लाख 27 हजार. मुलामागे 2,700 म्हणजे वर्षाला 15 लाख 12 हजार येतात, या दोन आकड्यांच्या मध्यावर. त्यामुळे पहिल्या वर्षाच्या ताळेबंदात पाचेक लाख उरलेले दिसतात आणि कुणीतरी तो कागद नाचवत विचारतं, उरतात तर वाढवले कशाला? दोन वर्षांचं बंधन असलेल्या फीत हे होणारच. आधी सांगून ठेवलं तर तो हिशेब असतो, नंतर सांगितलं तर सबब वाटते.

तरीही एक प्रश्न उरला होता: कोणाला विचारलं? शाळेने समितीला विचारलं होतं, पण समितीत चिठ्ठीने आलेले मोजके पालक, आणि तेही आधीच्या वर्षीचे. फी मान्य झाल्यावर तिचा तपशील मराठीत, इंग्रजीत आणि शाळेच्या माध्यमाच्या भाषेत फलकावर लावायचा असतो. जानेवारीत लावला होता तो फक्त इंग्रजीत, आणि फेब्रुवारीत त्यावर स्नेहसंमेलनाचं वेळापत्रक टाचलं गेलं. जूनमध्ये बाईंनी फलकाची काच उघडली तेव्हा तो कागद खालीच होता, चारही टाचण्यांसकट. समिती नियमाने चालली आणि बाकी साडेपाचशे पालकांना पत्ता नाही, असं अनेक शाळांत होतं. वाढ मान्य झाली त्याच आठवड्यात प्रत्येक पालकाकडे एक पान गेलं असतं, तर हे पत्र जानेवारीत आलं असतं, आणि जानेवारीत पालकांकडे पैशाची सोय लावायला पाच महिने असतात.

उत्तरानंतर सगळं गोड झालं असं नाही. पंधरा-वीस पालकांनी रोख परत घेतली. काहींनी हप्ता दोन भागांत करून घेतला. पत्र लिहिणाऱ्या वडिलांनी सह्या जमवायला सुरुवात केली होती, पण 2,400 रद्द झाल्यावर निम्म्या लोकांनी रस सोडला आणि पंचवीस टक्क्यांचा आकडा गाठला गेला नाही. इथे कायद्याची एक मर्यादाही दिसते. एकट्या पालकाला विभागीय समितीचं दार उघडत नाही, आणि ज्यांची मुलं शाळेत रोज जातात ते सही करताना दहादा विचार करतात. ‘कोणाच्याही मुलाला वेगळी वागणूक मिळणार नाही’ असं लिहिल्याने ती भीती पूर्ण जात नाही.

ते वडील इतिवृत्त पाहायला आले. कागद चाळता चाळता त्यांनी भाड्याच्या 900 रुपयांवर बोट ठेवलं. “मॅडम, इमारत कोणाच्या मालकीची आहे?” शाळेची इमारत एका विश्वस्तांच्या नातेवाइकांच्या नावावर होती आणि भाडेकरारात दर वर्षी वाढीची अट होती. मुख्याध्यापिकांना ते ठाऊक होतं. करार त्यांच्या अखत्यारीत नव्हता. समितीसमोर ठेवलेल्या तक्त्यात भाड्याची रक्कम होती, पण मालकाचं नाव नव्हतं, आणि आधीच्या समितीतल्या कुणी विचारलंही नव्हतं. त्यांनी टाळाटाळ केली नाही आणि संस्थेच्या वतीने खुलासाही केला नाही. “हा प्रश्न व्यवस्थापनाने उत्तर द्यायचा आहे. तुम्ही लेखी द्या, मी तो समितीच्या पुढच्या बैठकीच्या विषयपत्रिकेवर घेते.” वडिलांनी तिथेच कोरा कागद मागून चार ओळी लिहिल्या. बाईंनी आवक क्रमांक घालून शिक्का मारला आणि पोच त्यांच्या हातात दिली. समितीची बैठक तीन महिन्यांतून एकदा तरी घ्यावी लागते. नवी समिती त्याच आठवड्यात चिठ्ठ्या टाकून निवडायची होती, आणि सहावीच्या पालकांच्या डब्यात त्यांचीही चिठ्ठी होती.